एक पेज, अनेक हात, एक वाणी

दुकानात गेलेल्या ग्राहकाला आपण कोणाशी बोलत आहोत हे डोळ्यांनी दिसत असते. गादीवर बसलेले मालक थोडे तुटक बोलतात, त्यांची सून अगत्याने चौकशी करते, नव्याने कामाला लागलेला मुलगा घाईत असतो. माणसे वेगळी असल्यामुळे बोलणेही वेगळे असणार, हे ग्राहक मनोमन गृहीत धरतो आणि त्याचा त्याला त्रास होत नाही. फेसबुकवरील व्यावसायिक पेजची गोष्ट निराळी आहे. तेथे लिहिणारे तीन असोत वा तेरा असोत, प्रत्येक वाक्याच्या वर एकच नाव आणि एकच चित्र उमटते. वाचणाऱ्याच्या दृष्टीने त्या नावामागे एकच व्यक्ती बोलत असते. तीच व्यक्ती सकाळी एका रीतीने व संध्याकाळी दुसऱ्या रीतीने बोलू लागली, तर त्यातून वाचकाला माणसांची विविधता जाणवत नाही. जाणवतो तो बोलणाऱ्याचा चंचलपणा, आणि व्यवहाराच्या प्रसंगी तर अप्रामाणिकपणाची शंकाही येते.

अनेकांच्या हाती असलेल्या पेजची वाणी एक कशी राखावी, हा या प्रकरणाचा विषय आहे. सर्वांनी एकसारखी वाक्ये लिहावीत असा याचा अर्थ नाही. तसे करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. काही थोडे निर्णय आधीच घेऊन ठेवणे, ते लिहून ठेवणे आणि कोणाच्या हाती कोणते अधिकार असावेत याची त्यांच्याशी सांगड घालणे, एवढ्याने हे काम बहुतांशी साधते. हे निर्णय कोणते, ते एका उदाहरणावरून पाहू.

एका तक्रारीची तीन उत्तरे

इंदूर शहरात महेश्वरी साड्यांचे एक दुकान आहे अशी कल्पना करा. रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा असलेल्या या साड्या नर्मदेकाठच्या महेश्वर येथे हातमागावर विणल्या जातात. इंदुरात मराठी भाषकांची वस्ती जुनी असल्यामुळे दुकानाच्या पेजवर हिंदीप्रमाणेच मराठीतही प्रश्न येतात. पेजचे काम तिघे जण पाहतात. एक स्वतः मालक, दुसरी विक्रीचे काम सांभाळणारी त्यांची सून आणि तिसरा साड्यांची छायाचित्रे काढणारा महाविद्यालयीन विद्यार्थी.

एका बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास एका नव्या साडीच्या छायाचित्राखाली एका बाईंनी पुढील कमेंट लिहिली: “मागच्या महिन्यात तुमच्याकडून घेतलेल्या तांबड्या साडीचा रंग पहिल्याच धुण्यात काठावर उतरला. पैसे परत मिळतील का?”

वीस मिनिटांनी सुनेने स्वयंपाक करता करता फोन पाहिला आणि उत्तर दिले: “अगं बाई, असं कसं झालं! काळजी करू नका ताई, साडी घेऊन या, बदलून देते.” रात्री आठ वाजता मालकांनी तीच कमेंट पाहिली. खाली आधीच एक उत्तर आहे हे त्यांच्या लक्षात आले नाही. त्यांनी लिहिले: “एकदा विकलेला माल परत घेतला अथवा बदलून दिला जात नाही. धुण्याविषयीची सूचना बिलावर छापलेली आहे.” साडेनऊला विद्यार्थ्याने नवी छायाचित्रे चढवताना रोमन लिपीत आणखी एक ओळ जोडली: “हाय डिअर! डीएम करा ना, चेक करतो.”

तिन्ही उत्तरांच्या वर दुकानाचेच नाव होते. बाईंचा पुढचा प्रश्न साडीविषयी नव्हता. त्यांनी विचारले, “बदलून देणार म्हणता, मग देणार नाही म्हणता. तुमच्याकडे नक्की बोलते आहे तरी कोण?”

हा प्रसंग पाहून प्रथमदर्शनी असे वाटते की तिघांची भाषा वेगळी होती, हीच चूक झाली. तिघांनी भाषा सुधारून घेतली की प्रश्न सुटेल, असेही मग वाटू लागते. परंतु उत्तरे जरा बारकाईने वाचली तर फरक केवळ शब्दांचा नाही हे दिसून येते. साडी बदलून द्यावयाची की नाही, याविषयी सुनेचे व मालकांचे निर्णय परस्परविरोधी होते. रंग उतरण्याचा दोष कोणाचा, याविषयी मालकांनी साडी न पाहताच ग्राहकाला जबाबदार धरले, तर सुनेने तितक्याच घाईने तो दोष दुकानाकडे घेतला. हे बोलणे कमेंटमध्ये उघडपणे चालवावे की खासगी मेसेजमध्ये, याविषयीही एकवाक्यता नव्हती. भाषेतील विसंवाद हा बहुधा न घेतलेल्या निर्णयांचा दृश्य भाग असतो. म्हणून वाणी एक करावयाची असेल तर आरंभ व्याकरणापासून न करता निर्णयांपासून करावा लागतो.

बोलणारी व्यक्ती कोण

पहिला निर्णय असा की, पेजच्या नावामागे बोलणारी व्यक्ती कोण आहे. येथे एखादे काल्पनिक नाव शोधावयाचे नाही. बोलणाऱ्याचा अनुभव किती, तो ग्राहकाच्या किती जवळ उभा आहे आणि त्याला कशाविषयी बोलण्याचा अधिकार आहे, हे ठरवावयाचे आहे. आपल्या उदाहरणातील दुकानाने ते एका वाक्यात असे लिहून ठेवावे: “वीस वर्षे साड्या उलगडून दाखवणारी, कापडाची जाण असलेली, घाई नसलेली व्यक्ती, ती ग्राहकाशी आदराने बोलते, पण लाडीगोडी लावत नाही.” एवढे वाक्य समोर असले की विद्यार्थ्याला “हाय डिअर” लिहिताना आपोआप अडखळायला होते, आणि मालकांनाही बिलावरील नियम तसाच फेकावासा वाटत नाही. वीस वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती रंग उतरल्याचे ऐकून आधी साडी पाहावयास मागेल, हे त्या दोघांनाही उमजते.

या ठिकाणी वाणी आणि सूर यांतील भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. वाणी म्हणजे बोलणाऱ्याचा स्वभाव. ती रोज बदलत नाही. सूर मात्र प्रसंगानुसार बदलतो आणि बदललाच पाहिजे. तीच अनुभवी व्यक्ती दिवाळीच्या आधी उत्साहाने बोलेल, तक्रार ऐकताना सावकाश व थोडक्यात बोलेल आणि दुःखाच्या प्रसंगी विक्रीविषयी बोलणारच नाही. सूर एकच राखण्याचा अट्टाहास केला तर तक्रारीच्या उत्तराखालीही हसरे चिन्ह येऊन बसते. असे चिन्ह वाचताना रागावलेल्या माणसाला आपली थट्टा होत आहे असे वाटते.

संबोधन, सर्वनाम आणि क्रियापद

दुसरा निर्णय भाषेच्या अगदी लहान, परंतु सतत दिसणाऱ्या अंगांविषयीचा आहे. मराठीत व हिंदीत लिहिणाऱ्यांना येथे एक अडचण येते, ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही. मराठीत प्रथमपुरुषी एकवचनी क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग प्रकट करते. सुनेने “उद्या पाठवते” असे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने “आज पाठवतो” असे लिहिले, की नावामागची व्यक्ती बदलली हे वाचणाऱ्याला तत्क्षणी कळते. कोणी तरी दुसराच माणूस आपल्याशी बोलू लागला आहे, तर कालचे आश्वासन त्याला ठाऊक असेल काय, अशी शंका त्याच्या मनात उभी राहते.

यावरील उपाय मराठीतच आहे. “आम्ही पाठवतो” या अनेकवचनी रूपात बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हा भेद उरत नाही. भूतकाळात “आम्ही साडी पाठवली” असे म्हटले की क्रियापद साडीच्या लिंगानुसार चालते, बोलणाऱ्याच्या नाही. म्हणून पेजवर “मी” टाळून “आम्ही” वापरावे, हा नियम शैलीच्या हौसेपोटी केलेला नाही. लिहिणारा बदलल्याची खूण उमटू नये म्हणून तो करावा लागतो. हिंदीत मात्र एवढ्याने भागत नाही, कारण तेथे “हम भेज रहे हैं” आणि “हम भेज रही हैं” असा भेद अनेकवचनातही संभवतो. दुकानाच्या वतीने लिहिताना सर्वांनी पहिलेच रूप वापरावे, असे तेथे स्पष्ट ठरवावे लागते.

दोन भाषांत काम करणाऱ्या पेजवर आणखी एक चूक वारंवार होते. मराठीतील “तुम्ही” हे आदरार्थी संबोधन आहे. मराठी भाषक कर्मचारी हिंदीत लिहू लागला की नकळत त्याच्या जागी “तुम” घालतो. हिंदी वाचकाला मात्र अपरिचित दुकानदाराने “तुम” म्हणणे हा उद्धटपणा वाटतो. तेथे “आप” हवे. लिहिणाऱ्याच्या मनात अनादर मुळीच नसतो आणि म्हणूनच ही चूक त्याच्या स्वतःच्या ध्यानात कधी येत नाही. मराठीतील “आपण” हे संबोधन पत्रव्यवहारात शोभते, परंतु “आपण उद्या बोलू” या वाक्यात त्याचा अर्थ दोघे मिळून असाही होतो. त्यामुळे रोजच्या उत्तरांत “तुम्ही” बरे. “ताई” व “दादा” ही नाती समोरासमोर गोड वाटतात. तथापि नावावरून किंवा छायाचित्रावरून ग्राहक कोण आहे हे नेहमी सांगता येत नाही, तेव्हा लेखी उत्तरात त्यांचा मोह टाळावा आणि नाव ठाऊक असल्यास नावानेच बोलावे.

या सर्वांचा एक कागद करावा. तो एका पानापेक्षा मोठा नसावा, कारण मोठा कागद कोणी उघडत नाही. बोलणाऱ्या व्यक्तीचे वर्णन करणारे वाक्य, संबोधन व सर्वनाम, ग्राहक ज्या भाषेत व लिपीत लिहील तीत उत्तर द्यावयाचे की नाही, किंमत कशी लिहावयाची, आणि मालाविषयी कोणते शब्द वापरावयाचे, एवढे त्यात पुरे. शेवटच्या बाबीत सत्याचाही प्रश्न आहे. महेश्वरी साडीत सूत असते. तिच्याविषयी एकाने “प्युअर सिल्क” लिहावे आणि दुसऱ्याने “रेशीम व सूत” लिहावे, हा नुसता शैलीभेद नाही, त्यातील एक विधान खोटे आहे. प्रत्येक नियमाशेजारी बरोबर व चूक असे एकेक वाक्य उदाहरणादाखल लिहावे. “भाषा आपुलकीची असावी” या सूचनेचा अर्थ तिघे तीन प्रकारे करतील, मात्र उदाहरण समोर असले की तेवढा वाव राहत नाही.

अधिकारांची वाटणी

तिसरा निर्णय पेजवरील प्रवेशाचा. पुष्कळ लहान व्यवसायांत एकाच खात्याचा पासवर्ड सर्वांना सांगितलेला असतो. फेसबुक पेजसाठी याची गरज नाही. प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खात्यातून पेजचा प्रवेश देता येतो. पूर्वी ॲडमिन, एडिटर, मॉडरेटर, ॲडव्हर्टायझर व ॲनालिस्ट अशा पाच भूमिका होत्या. नव्या रचनेत `Page access` या ठिकाणी पूर्ण नियंत्रण किंवा आंशिक नियंत्रण देता येते, अथवा केवळ मेसेज, कमेंट, जाहिराती यांसारखी विशिष्ट कामेच सोपवता येतात. पूर्ण नियंत्रण असलेली व्यक्ती दुसऱ्यांना प्रवेश देऊ शकते, काढून घेऊ शकते आणि पेजही नष्ट करू शकते. असा अधिकार दोघांकडे असावा. एकाकडेच असला व त्याचे खाते बंद पडले तर दुकान आपल्याच पेजबाहेर राहते, आणि सर्वांकडे असला तर कोणाचा कोणावर आधार उरत नाही.

वाणीच्या दृष्टीने याचा उपयोग असा की, पेजचा प्रवेश आणि शब्द देण्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वांना कळते. कमेंटला उत्तर देण्याची सोय हाती असली म्हणजे माल बदलून देण्याचे वचन देता येते, असे नव्हे. इंदूरच्या दुकानाने तीन गोष्टी एकट्याने लिहावयाच्या नाहीत असे ठरवले तर पुरेसे होईल. पैशाविषयी वचन, दोष कोणाचा याविषयीचे विधान, आणि सार्वजनिक घटनेवरील मत. या तीन बाबतींत दुसऱ्याची संमती घेतल्याखेरीज उत्तर जाऊ नये. दुकान किती वाजता उघडते, साडीची लांबी किती, ब्लाउजपीस आहे काय, असल्या प्रश्नांना मात्र कोणीही तत्काळ उत्तर द्यावे. प्रत्येक ओळीसाठी संमती मागण्याची पद्धत पाडली, तर उत्तरे दोन दोन दिवस अडकून पडतात आणि काही आठवड्यांत ती पद्धतच मोडीत निघते.

एकाच प्रश्नाला दोघांनी उत्तर देऊ नये म्हणून प्रत्येक मेसेज वा तक्रार कोणाकडे आहे हे ठरलेले असावे. मेटा बिझनेस सूटच्या इनबॉक्समध्ये एखादे संभाषण विशिष्ट व्यक्तीकडे सोपवण्याची सोय आहे. तिचा उपयोग न करणाऱ्या लहान दुकानाने दिवसाचे भाग पाडून घेतले तरी काम भागते. बुधवारच्या प्रसंगी सहा ते दहा ही वेळ सुनेकडे आहे एवढेच ठरलेले असते, तर मालकांनी उत्तर लिहिण्याऐवजी तिला फोन केला असता.

चुकीच्या खात्यातून गेलेले वाक्य

प्रवेश अनेकांना असला की आणखी एक धोका उद्भवतो. लिहिणाऱ्याच्या फोनवर त्याचे स्वतःचे खाते आणि पेज ही दोन्ही असतात, आणि आपण या क्षणी कोणाच्या नावाने लिहीत आहोत हे तो विसरतो. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकन रेड क्रॉसचे आहे. 2011 च्या फेब्रुवारी महिन्यात तेथील एका कर्मचाऱ्याने रात्री बिअर पिण्याविषयीची एक मजेदार ओळ ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, लिहिली. ती जावयाची होती खासगी खात्यातून. अनेक खाती एकत्र हाताळण्याच्या साधनातून लिहिताना ती संस्थेच्या अधिकृत खात्यातून गेली. आपत्तीग्रस्तांना मदत करणारी व रक्त गोळा करणारी संस्था मद्यपानाच्या बेताविषयी बोलत आहे, असे हजारो वाचकांना दिसले.

संस्थेने नंतर काय केले, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. ती ओळ काढून टाकण्यात आली, पण मौन पाळण्यात आले नाही आणि कोरडे निवेदनही काढण्यात आले नाही. ते भरकटलेले ट्वीट काढले आहे, रेड क्रॉस शुद्धीवर आहे आणि किल्ल्या काढून घेतल्या आहेत, अशा आशयाची ओळ संस्थेने लिहिली. अमेरिकेत मद्य प्यालेल्या माणसाने मोटार चालवू नये म्हणून त्याच्या किल्ल्या काढून घेतात, त्याचा हा उल्लेख होता. चूक कबूल केली गेली, कोणावर चिखलफेक झाली नाही, आणि संकटात न गोंधळणारी संस्था ही जी तिची ओळख, तिला साजेसेच ते बोलणे होते. त्या बिअरच्या चाहत्यांनी पुढे रेड क्रॉससाठी देणग्या गोळा केल्या. वाणी आधी ठरलेली असेल तर चूक झाल्यावर काय बोलावे हे शोधत बसावे लागत नाही, असे या प्रसंगावरून म्हणता येईल.

त्याच्या उलट प्रकार 2013 च्या जानेवारीत ब्रिटनमधील एचएमव्ही या संगीतविक्रेत्या कंपनीत घडला. आर्थिक अडचणीत सापडलेली ही कंपनी कर्मचारी कमी करीत असताना, त्या बैठकीचे वृत्त कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून ओळीमागून ओळ प्रसिद्ध होऊ लागले. लिहिणाऱ्यांच्या संतापाचा न्याय-अन्याय येथे ठरवावयाचा नाही. ज्यांना काढून टाकण्यात येत होते त्यांच्याच हाती खात्याचा प्रवेश होता आणि तो कसा थांबवावा हे वरिष्ठांना ठाऊक नव्हते, एवढी गोष्ट मात्र प्रत्येक व्यवसायाने ध्यानात ठेवावी. कर्मचारी काम सोडतो त्याच दिवशी त्याचा प्रवेश काढावा, आणि तो कसा काढतात हे त्याआधी एकदा करून पाहिलेले असावे. पासवर्ड सर्वांत वाटलेला असेल तर असा एकट्याचा प्रवेश काढताच येत नाही.

नोंदवही आणि तयार उत्तरे

आता पुन्हा इंदूरच्या दुकानाकडे येऊ. वरील निर्णय आधी झाले असते तर बुधवारी एकच उत्तर गेले असते. ते साधारण असे: “साडीचा रंग उतरला हे वाचून वाईट वाटले. काठाचा फोटो आणि बिलाचा क्रमांक कृपया मेसेजमध्ये पाठवा. फोटो रंगाऱ्याला दाखवून, काय करता येईल ते आम्ही उद्या संध्याकाळी सहापर्यंत कळवतो.” या उत्तरात दोष कोणाचा हे सांगितलेले नाही, कारण ते अद्याप कोणालाच माहीत नाही. रंग कच्चा असू शकतो, तसेच साडी गरम पाण्यात वा तीव्र साबणाने धुतली गेलेली असू शकते. पैशाचे वचन नाही, परंतु वेळेचे आहे, आणि वेळ पाळणे दुकानाच्या हातात आहे. बोलणे खासगीत नेले असले तरी उघड कमेंटखाली पहिले उत्तर दिलेले आहे. त्यामुळे वाचणाऱ्या इतरांनाही तक्रारीची दखल घेतल्याचे दिसते.

दुसऱ्या दिवशी जो निर्णय होईल तो एका वहीत लिहावा. तारीख, प्रश्न, दिलेले उत्तर आणि तसे का ठरले, एवढ्या चार गोष्टी. पुढच्या वेळी रंगाची तक्रार आली म्हणजे विद्यार्थ्याला मालकांचा स्वभाव आठवण्याची गरज पडत नाही, तो वही पाहतो. एक पानाचा कागद वाणी कशी असावी हे सांगतो, ती कोणत्या प्रसंगी काय बोलली हे वहीतून कळते. कागद क्वचितच बदलतो, वही रोज वाढते. वहीतील एखादा निर्णय कागदाशी विसंगत दिसू लागला, तर त्या दोहोंपैकी एक बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे.

नेहमीच्या प्रश्नांसाठी इनबॉक्समध्ये तयार उत्तरे साठवून ठेवता येतात. तीही जपून वापरावीत. दहा कमेंटखाली तेच वाक्य दहा वेळा दिसले की वाणी एक आहे असे कोणी म्हणत नाही, येथे कोणी माणूस नाही असे म्हणतात. तयार उत्तरात माहितीचा भाग ठेवावा आणि पहिले वाक्य दर वेळी नव्याने लिहावे. त्याचप्रमाणे आगाऊ वेळ लावून ठेवलेल्या पोस्टवर रोज कोणी तरी सकाळी नजर टाकावी. शहरात मोठा अपघात झालेल्या दिवशी “आज आनंदाची बातमी!” अशी सवलतीची जाहिरात आपोआप प्रसिद्ध झाली, तर ती कोणी मुद्दाम लिहिलेली नाही हे वाचकाला कळण्याचा मार्ग नसतो.

वाणी एक झाली हे कसे ओळखावे

यासाठी एक साधी चाचणी आहे. आठवड्यातून एकदा मागील दिवसांतील दहा उत्तरे कोऱ्या कागदावर उतरवावीत. कोणी व केव्हा लिहिले हे झाकून ठेवावे. मग तिघांनी कोणते उत्तर कोणाचे ते ओळखण्याचा प्रयत्न करावा. बहुतेक उत्तरे अचूक ओळखली गेली, तर वाणी अजून तीन आहेत. ओळख कशावरून पटली, हा त्या चर्चेतील सर्वांत उपयोगी प्रश्न होय. “हं” वरून, उद्गारचिन्हांवरून, की “बिलावर छापलेले आहे” या वाक्यावरून? उत्तर सापडले की एक पानाच्या कागदात एक ओळ वाढते. या चाचणीत कोणाचा उपमर्द होऊ नये याची मात्र काळजी घ्यावी. मालकांची उत्तरेही त्या दहांत असली पाहिजेत.

या साऱ्याला एक मर्यादा आहे. एक वाणी राखणे म्हणजे माणूस लपवणे नव्हे. प्रकरण गंभीर असेल, पुष्कळ दिवस चाललेले असेल किंवा ग्राहकाने स्पष्टपणे “मी कोणाशी बोलत आहे?” असे विचारले असेल, तर उत्तराच्या शेवटी लिहिणाऱ्याने आपले नाव द्यावे. अनेक मोठ्या कंपन्यांचे कर्मचारी प्रत्येक उत्तराखाली आपली आद्याक्षरे लिहितात, ती याच हेतूने. नाव खाली आले म्हणून वाणी बदलत नाही. सुनेने आपले नाव घालून लिहिले तरी त्या उत्तरातील आदर, सावधपणा आणि दिलेला शब्द दुकानाचाच असतो. बुधवारी त्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला, नक्की कोण बोलत आहे या प्रश्नाला, दुकानाने द्यावयाचे प्रामाणिक उत्तर असेच आहे: लिहिणारी मी, बोलत आहे ते दुकान, आणि आमच्यापैकी दुसऱ्या कोणी लिहिले असते तरी तुम्हाला हेच सांगितले असते. अशा उत्तराची शेवटची ओळ खरी ठरावी, एवढ्यासाठीच तो एक पानाचा कागद आणि ती वही.